छत्री, पाळणा की बाबागाडी: तान्ह्या बाळाला कोणती मच्छरदाणी?

माझी मुलगी जन्मली साताऱ्यात, माझ्या माहेरी. सव्वा महिना तिथे काढून आम्ही सांगलीत आलो आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या डाव्या पायावर एका ओळीत चार चट्टे उठले. मच्छरदाणी होती, तीही नवी कोरी. तेव्हापासून आठ-नऊ महिन्यांत तीन प्रकारच्या जाळ्या आणि बाजारातली बरीच औषधं पारखून झाली. ज्यांना आता ठरवायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी डासांबद्दल थोडं, कारण त्यावरून निवड बदलते. सांगलीतल्या शेरीनाल्यासारख्या घाण पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास रात्री चावतात. पिंप, कूलर, कुंडीखालची ताटली अशा स्वच्छ साठलेल्या पाण्यातला एडिस डेंग्यू पसरवतो आणि तो चावतो दिवसा. सकाळी उजाडल्यावर आणि सूर्य मावळण्याआधीच्या दोन तासांत जास्त. म्हणजे बाळाची दुपारची झोप आणि संध्याकाळची बाबागाडीची फेरी या दोन्ही वेळा उघड्यावर राहिल्या, तर नुसत्या रात्रीच्या मच्छरदाणीने भागत नाही.

घरात झोपवताना सगळ्यात सोयीची म्हणजे घडीची छत्री. उघडली की गादीवर ठेवायची, आत बाळ. तिच्यात दोन जाती आहेत, तळ नसलेली आणि तळ असलेली, आणि खरा फरक इथेच आहे. तळ नसलेलीची कड गादीवर नुसती टेकलेली असते. बाळ पालथं पडायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण चौथ्या महिन्यापर्यंत, ती चालते. त्यानंतर पाय मारून कड उचलली जाते, डास आत शिरतो आणि बाळ कडेखाली सरकण्याची भीती राहते ती वेगळीच. तळ आणि चेन असलेलीत हे होत नाही, फक्त चेन शेवटच्या इंचापर्यंत ओढायची. सोबत मिळणारी मऊ उशी मात्र काढून टाका. बाळाला कडक, सपाट गादीवर उताणंच झोपवायचं.

लाकडी पाळण्याला सासूबाईंनी छताच्या कडीला टांगून जाळी केली होती. दिसायला सुंदर. पण पाळणा हलला की जाळी तिथेच राहायची आणि बाळाचा पाय तिला घासायचा. जाळी अंगाला टेकली की डास बाहेर बसूनच सोंड आत घालतो. ते चार चट्टे असेच आले होते. मग जाळी पाळण्याच्याच दांडीला बांधली आणि खालची टोकं गादीखाली खोचली, तेव्हा ती पाळण्याबरोबर हलू लागली. क्रिबलाही हेच लागू: जाळी गजांच्या बाहेरून, बाळापासून हातभर लांब राहील इतकी ताणलेली हवी.

चूक कुठे झाली ते सकाळी पाच मिनिटांत कळतं. जाळीच्या आत रक्ताने टच्च भरलेला डास बसलेला सापडला, तर कुठेतरी फट किंवा भोक आहे. पोट भरलं की तो जड होऊन तिथेच आत बसतो. चट्टे आहेत पण आत डास नाही आणि सगळे एकाच पायावर किंवा एका कुशीवर आहेत, तर जाळी अंगाला लागते आहे.

जाळी घेताना पट्टी बरोबर न्या. चांगल्या मच्छरदाणीत एका चौरस इंचात १५६ भोकं असतात, म्हणजे एका इंचाच्या रेषेत बारा-तेरा. सजावटीच्या नेटमध्ये याहून मोठी भोकं असतील तर ती सोडून द्या. कीटकनाशक लावलेली जाळी लहान बाळांसाठीही जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत आहे, पण ती घेतली तर आधी दिवसभर सावलीत हवेशीर टांगा आणि धुताना साध्या साबणाने धुऊन सावलीतच वाळवा. आमच्यासारख्या शहरी घरात एक न फाटलेली साधी जाळी मला पुरेशी वाटली.

बाबागाडीसाठी इलॅस्टिकच्या कडेची जाळी घ्या, दुसरं काही नको. गाडीचं छप्पर पुढे ओढून त्यावरून जाळी घातली की ती बाळाच्या तोंडापासून दूर राहते. पायाकडची बाजू बघा, तिथे इलॅस्टिक सुटून फट राहते. काही गाड्यांच्या पाठीला हवेसाठी जाळीदार खिडकी असते, तिची भोकंही मोजा. आणि ओढणी टाकून झाकण्याची सवय सोडा. एप्रिल-मेच्या उन्हात ओढणीखाली हवा खेळत नाही आणि आत भराभर गरम होतं.

आता औषधांचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगाला कोणतंच डासरोधक लावायचं नाही, क्रीमही नाही. त्या वयात जाळी आणि पूर्ण बाह्यांचे, सैल सुती कपडे एवढंच. दोन महिन्यांनंतर डीट किंवा पिकारिडिन असलेलं चालतं, डीट ३० टक्क्यांपेक्षा जास्त नको. आपल्याकडच्या बऱ्याच क्रीममध्ये डायइथिल बेंझामाइड असतं, डीट नाही, म्हणून पाकिटावर लिहिलेलं वय बघा आणि तेच पाळा. लावायची पद्धत: आधी आपल्या तळहातावर घेऊन उघड्या त्वचेवर पातळ थर द्यायचा. बाळाचे हात, डोळे-तोंडाजवळची जागा आणि कपड्याखालचं अंग सोडायचं, कारण हात तोंडात जाणारच. घरी आलं की साबणाने धुऊन टाकायचं. मी हे फक्त बाबागाडीतून उतरवून कडेवर घ्यायची वेळ येणार असेल तेव्हाच लावलं.

नैसर्गिक म्हणून विकलं जाणारं सगळं सौम्य नसतं. लेमन युकॅलिप्टसचं तेल तीन वर्षांच्या आत नको. घरातलं निलगिरीचं तेल ही वेगळी वस्तू, तीही बाळाला लावू नये. कापूर तर मुळीच नाही. पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. सिट्रोनेलाचे स्टिकर थोडाच वेळ टिकतात आणि हाताला लागले की बाळ ते तोंडात घालतं. मनगटात घालायचे पट्टे आणि आवाजाने डास पळवणारी यंत्रं यांवर पैसे घालवू नका.

सासूबाईंचा भर धुरीवर होता. ओवा, वावडिंग, धूप. बाळंतिणीच्या खोलीत ती परंपरा आहे आणि मी वाद घातला नाही, फक्त शेगडी अंगणात नेली. धुराने डास तेवढ्यापुरते हटतात, पण बाळाची श्वासनळी अरुंद असते. कॉइल त्याहून वाईट: एका कॉइलमधून निघणारे बारीक धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके मोजले गेले आहेत. द्रव भरलेलं मशीन लावायचंच असेल, तर बाळ दुसऱ्या खोलीत असताना, खिडकी थोडी उघडी ठेवून तासभर लावा आणि बाळाला आणण्याआधी बंद करा. रात्रभर उशाशी नको.

आठव्या महिन्यात मुलगी क्रिबचे गज धरून उभी राहायला लागली आणि त्याच दिवशी मी क्रिबची जाळी काढली. उभं राहणारं बाळ जाळी ओढतं, नाडीत मान अडकते. आता खिडक्यांना जाळी बसवली आहे, आणि क्रिब आमच्या पलंगाला लावून दोन्हीवर एकच मोठी मच्छरदाणी टांगतो. ती क्रिबच्या गजांपासून हातभर लांब राहते आणि पलंगाच्या बाजूने गादीखाली खोचलेली असते. संध्याकाळी पाच वाजता खिडक्या लावतो, आणि फिरायला निघताना बाबागाडीच्या पायाकडचं इलॅस्टिक एकदा हाताने चाचपून बघते.