'Searchable'ची हिरवी खूण आणि वर्ग 2ची जमीन : डेटा रूमचा सात महिन्यांचा अनुभव

कंपनी विकत घेण्याआधी तिचे कागद तपासणीसाठी ज्या ऑनलाइन डेटा रूममध्ये ठेवतात, तिचं सॉफ्टवेअर सात महिने वापरलं. फाइल पाहण्याच्या परवानग्या, वॉटरमार्क, डाउनलोड बंद करणं वगैरे सगळं ठीक चालतं, त्यावर वेळ घालवत नाही. तक्रार एकाच गोष्टीची आहे. फाइलच्या नावापुढे येणारी 'Searchable' ही हिरवी खूण खोटं बोलते, आणि रेड फ्लॅगची, म्हणजे व्यवहारातल्या धोक्यांची, यादी करणारी टीम नेमकी त्याच खुणेवर विसंबते.

खानदेशातल्या कंपनीचे कागद तीन प्रकारचे असतात. पहिला, इंग्रजीत टाइप केलेले करार. ते शोधता येतात. दुसरा, जुना हस्तलिखित सातबारा किंवा फेरफाराचा स्कॅन. तो निव्वळ चित्र असतो, त्यातली ओळ माउसनं निवडताच येत नाही, म्हणून निदान फसवत तरी नाही. तिसरा प्रकार घातक: युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करून पीडीएफ केलेली खरेदीखतं, वादपत्रं, कैफियती. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. सॉफ्टवेअरला आत मजकूर सापडतो, ते हिरवी खूण देऊन मोकळं होतं. मग तुम्ही 'शर्त' शोधा नाहीतर 'तहकूब', निकाल शून्य. सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतकेंद्राचं उत्तर दर वेळी तेच: फाइल शोधण्यायोग्य आहे.

तपासायला अर्धं मिनिट लागतं. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच उमटलं तर ठीक. रोमन कचरा उमटला तर ती फाइल 'डोळ्यांनी वाचायची' या यादीत टाका.

हे न केल्यास काय होतं, ते एका नमुन्यावर पाहू. जळगावची डाळमिल, शेअर खरेदीचा व्यवहार. मिल एमआयडीसीत, पण मालाचं गोदाम बाहेर गटाच्या जमिनीवर. 'वर्ग - २' शोधलं, काही आलं नाही, यादीत शेरा पडला 'जमीन निर्वेध'. जुन्या फॉन्टमधला सातबारा उघडून वाचला तर 'भोगवटादार वर्ग - २'. म्हणजे सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. इथे कोणी म्हणेल, आपण तर शेअर घेतोय, जमीन कंपनीच्याच नावावर राहणार. बरोबर, पण प्रश्न मागच्या खरेदीचा आहे: कंपनीनं ती घेतली तेव्हा परवानगी होती का? शिवाय कंपनी शेतकरी नसते, म्हणून 1948च्या कूळकायद्याचं कलम 63 आणि बिनशेती आदेश हेही पाहावे लागतात. त्यातूनच पुढचा धागा निघतो. अन्न परवाना जागेनुसार असतो. मिलचा परवाना त्या गोदामाला चालत नाही. एका न वाचलेल्या कागदापोटी यादीत तीन नोंदी वाढल्या.

इंग्रजी कागदांतही शोध फसतो, पण तो दोष शोधणाऱ्याचा. बँकेच्या मंजुरीपत्रात मालकीबदलाची अट `change of control` या शब्दांत क्वचितच लिहिलेली असते. हे शब्द टाका:

```
change in constitution
change in shareholding
prior approval
```

असं कलम सापडलं की नोंदीत फाइल क्रमांक, पान, कलम आणि उपाय लिहा: 'व्यवहारापूर्वी बँकेचं ना-हरकत पत्र'. नुसतं 'लक्ष द्यावे' लिहिलेली नोंद म्हणजे पान वाया.

दाव्यांसाठी डेटा रूमवर अवलंबूनच राहू नका. विक्रेत्यानं दिलेली यादी, ताळेबंदातली संभाव्य देण्यांची टीप आणि ई-कोर्ट्सवरचा शोध, तिन्ही शेजारी ठेवा. पक्षकाराच्या नावाची स्पेलिंग तीन-चार तऱ्हेनं टाका, संचालकांची नावंही टाका. चेक न वटल्याच्या कलम 138च्या तक्रारी त्यांच्या नावानंही असतात.

पहिल्या तीन महिन्यांत या सॉफ्टवेअरला दोन तारे द्यायचं ठरलं होतं. मत बदललं ते बदलांच्या नोंदवहीमुळे. कोणती फाइल कधी चढली, कोणती काढून त्याच नावानं दुसरी ठेवली, हे ती वेळेसकट दाखवते. परवान्यांच्या फोल्डरमध्ये याचा उपयोग मोठा. प्रदूषण मंडळाचं मुदत संपलेलं संमतीपत्र काढून त्या जागी नूतनीकरणाच्या अर्जाची पोच ठेवली, तर फोल्डर भरलेलंच दिसतं. नोंदवहीत मात्र अदलाबदल कळते. पोच म्हणजे संमती नव्हे. रोज सकाळी ही वही आधी उघडावी, नवे कागद मागून.

आता पैशाचं. आकारणी पानावर आहे, आणि स्कॅनमधली कोरी मागची पानंही मोजतात! स्कॅनर चालवणाऱ्याला 'दोन्ही बाजू' बंद करायला सांगा, पण आधी बंडल उलटून बघा: खरेदीखताच्या मागच्या बाजूला नोंदणीचे शिक्के असतील तर तेवढी पानं दोन्ही बाजूंनीच घ्यावी लागतील. एकूण साडेतीन तारे. ती हिरवी खूण काढून टाकली तर चार.