चोवीस, पंचवीस की साठ? सिनेमा, टीव्ही आणि गेमचे फ्रेम रेट

भाच्याने परवा रात्री फोन केला. "मामा, शॉर्टफिल्म करतोय. मोबाइलमध्ये २४, २५, ३० आणि ६० असे चार पर्याय दिसतायत. साठ सगळ्यात मोठा, म्हणजे तोच चांगला ना?" मी म्हटलं, थांब, आधी हे आकडे कुठून आले ते ऐक. त्याला तासभर जे सांगितलं, तेच जरा आवरून इथे लिहितोय.

'डोळ्याला सेकंदाला २४ चित्रंच दिसतात, म्हणून सिनेमा २४ फ्रेमचा' हे वाक्य जिथे तिथे ऐकू येतं आणि ते चुकीचं आहे. ६० फ्रेमचा गेम आणि ३० फ्रेमचा गेम यातला फरक शाळकरी पोरालाही कळतो. डोळा २४ वर थांबत असता, तर तो कळला नसता. २४ हा आकडा डोळ्याने ठरवला नाही, कानाने ठरवला.

मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे. साधारण सेकंदाला १६ फ्रेम धरत, पण कॅमेरामनचा हात आणि प्रसंगाचा रंग पाहून वेग बदलायचा. थिएटरात ऑपरेटर आपल्या मर्जीने रीळ पळवायचा, आणि एक खेळ जास्त बसवायचा असेल तर आणखीच जोरात. म्हणून त्या काळच्या चित्रपटांची लांबी मिनिटांत सांगण्यात अर्थ नसतो, ती फुटांत सांगतात. फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा होता. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ फ्रेम बसतात. सेकंदाला १६ फ्रेमने, म्हणजे मिनिटाला ६० फुटांनी चालवला तर तो तासाभराहून थोडा जास्त चालतो. सेकंदाला २४ फ्रेमने चालवला तर ४१ मिनिटांत संपतो. चित्रपट तोच, नुसता ऑपरेटर बदलला!

डोळ्याला हे चालायचं. माणसं जरा लगबगीने चालताना दिसली तरी प्रेक्षक कुरकुरत नसत. आवाज जोडला आणि घोटाळा झाला. रीळ दहा टक्के जोरात पळालं तर नायकाचा आवाज चिरका होतो आणि गाणं बेसूर होतं, आणि ते पहिल्या ओळीतच कळतं. म्हणजे वेग एकच हवा, आणि तो मोटरने बांधलेला हवा. किती ठेवायचा? वेस्टर्न इलेक्ट्रिकचे स्टॅन्ली वॉटकिन्स यांनी १९२६ च्या सुमारास थिएटरांत प्रत्यक्ष काय चालतं याची चौकशी केली. चांगली थिएटरं मिनिटाला ८० ते ९० फुटांनी रीळ चालवत होती, लहान थिएटरं १०० आणि त्याहून जास्त. त्यांनी ९० धरले. ९० गुणिले १६ भागिले ६० केलं की उत्तर २४ येतं. थिएटरवाल्यांच्या सवयीची ही सरासरी आहे, त्यात नेत्रविज्ञान काही नाही.

नंतर आवाज फिल्मच्याच कडेला प्रकाशाच्या पट्टीत छापला जाऊ लागला, तेव्हा हा वेग आणखी कामाला आला. फिल्म जितकी जोरात सरकते तितके बारीक, उंच स्वर तिच्यावर मावतात. १६ फ्रेमच्या वेगाला आवाज घोंगडीआडून आल्यासारखा वाटला असता. याहून वेग वाढवावा, तर फिल्म जास्त जाते आणि फिल्म महाग. शिवाय २४ ला दोन, तीन, चार, सहा, आठ यांनी सहज भाग जातो आणि एक सेकंद म्हणजे बरोबर दीड फूट, त्यामुळे संकलकाला फिल्म हातात धरूनच वेळेचा अंदाज यायचा. १९३१ मध्ये आपल्याकडे पहिला बोलपट आला, तोवर हा प्रश्न मिटलेला होता.

इथे एक शंका येते. सेकंदाला २४ च चित्रं, तर पडदा फडफडत का नाही? कारण प्रोजेक्टरचं शटर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवतं. डोळ्यावर उजेडाचे ४८ झोत येतात, चित्रं मात्र २४ च. मूकपटाच्या प्रोजेक्टरला तीन पात्यांचं शटर असायचं. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. फडफड आणि हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की चर्चा भरकटते.

टीव्हीला कोणी बांधलं? विजेने. घरातली वीज भारत आणि युरोपात सेकंदाला ५० वेळा हेलकावते, अमेरिकेत ६० वेळा. जुन्या टीव्ही संचाचा वेग विजेशी जुळला नाही, तर तिच्या घरघरीचे पट्टे चित्रावरून सरकत राहायचे. म्हणून आपल्याकडे २५ फ्रेम आणि अमेरिकेत ३०. त्यातही प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत यायची, आधी विषम ओळी, मग सम ओळी. हे दोन हप्ते कॅमेऱ्याने वेगवेगळ्या क्षणी टिपलेले असत. त्यामुळे स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्यावर केलेल्या मालिकेत हालचाल सेकंदाला ५० वेळा नवी होते आणि सिनेमात २४ वेळा. आवाज बंद करून, लांबून बघूनही आपण 'ही मालिका, हा सिनेमा' हे ओळखायचो, ते बरंचसं यामुळेच.

मग २४ चा सिनेमा २५ च्या टीव्हीवर कसा दाखवायचा? सरळ जोरात पळवायचा. १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत उरकतो. आवाजाची पट्टी वेगळी दुरुस्त केली नाही, तर काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या जवळ जाऊन बसतं. पेटी घेऊन टीव्हीसमोर बसणाऱ्यालाच ते कळणार, बाकीच्यांना नाही. अमेरिकेत ही सोय नव्हती. तिथे एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा, असं लंगडत २४ चे ६० करावे लागले. तुमचा टीव्ही ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवणारा असेल तर आजही ओटीटीवरचा सिनेमा बहुधा असाच लंगडतो. कॅमेरा सावकाश आडवा सरकत असेल तेव्हा बघा, इमारतीच्या कडा अडखळताना दिसतील. १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम पाच वेळा दाखवता येते, म्हणून तिथे हा प्रश्न उरत नाही.

गेमचं गणित निराळं आहे, कारण तिथे आपण नुसते बघत नाही, हात चालवतो. बटण दाबलं की त्याचा परिणाम लवकरात लवकर पुढच्या फ्रेममध्ये दिसणार. ३० फ्रेमला ती ३३ मिलिसेकंदांनी येते, ६० ला जेमतेम १७ नी. आणखी एक कारण आहे. सिनेमाचा कॅमेरा प्रत्येक फ्रेमसाठी साधारण एक भागिले ४८ सेकंद उघडा असतो, त्यामुळे पळणारा माणूस किंचित पुसट उमटतो आणि तो पुसटपणाच एका फ्रेमला दुसरीशी सांधतो. गेममधली फ्रेम मुळात एका क्षणाची, चाकूने कापल्यासारखी स्वच्छ असते. पुसटपणा मुद्दाम रंगवून घालावा लागतो. म्हणून २४ फ्रेमचा सिनेमा डोळ्याला गोड लागतो आणि २४ फ्रेमचा गेम खेळवत नाही.

गेममध्ये सरासरीवर जाऊ नका. ६० हर्ट्झच्या साध्या टीव्हीवर ४५ फ्रेमचा गेम ठाम ३० पेक्षा वाईट वाटू शकतो, कारण काही फ्रेम एकदा दिसतात आणि काही दोनदा. पात्राला एका जागी उभं करून नजर संथ गोल फिरवा. भिंती गचके देत असतील तर चित्राचा दर्जा एक पायरी खाली आणा आणि वेग स्थिर करा. १२० हर्ट्झचा टीव्ही असेल आणि गेममध्ये ४० चा पर्याय असेल, तर तो घेऊन बघाच. ४० ची फ्रेम २५ मिलिसेकंदांची, म्हणजे ३० आणि ६० च्या बरोबर मधली, आणि चित्राचा दर्जा फारसा सोडावा लागत नाही.

मग सिनेमाच साठचा का करू नये? प्रयत्न झाले आहेत. पीटर जॅक्सन यांनी २०१२ मध्ये 'द हॉबिट' ४८ फ्रेमने दाखवला. हालचाल लख्ख दिसली, पण अनेकांना सेट हा सेट वाटू लागला आणि दाढी चिकटवलेली. असं वाटतं ते शंभर वर्षांच्या सवयीमुळे, का २४ मध्येच काही गुण आहे म्हणून, यावर भांडण चालू आहे. मी सवयीच्या बाजूने आहे. तरी माझ्या घरच्या टीव्हीवर मधल्या फ्रेम स्वतःच रचून हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग मी पहिल्या दिवशीच बंद केलं. सामना बघताना ते हवं असेल तर ठेवा. सिनेमाला नको, आणि गेमला तर मुळीच नको, कारण त्या रचण्यात वेळ जातो आणि बटण उशिरा लागतं.

आता भाच्याचा प्रश्न. त्याची फिल्म यूट्यूबवर जाणार, थोडी घरात आणि थोडी कॉलेजच्या हॉलमध्ये चित्रित होणार. मी सांगितलं २५, आणि शटर प्रत्येक फ्रेमला एक भागिले ५० सेकंद उघडं. कारण आपली ट्यूबलाइट. जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर एक भागिले ५० असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन लुकलुकी येतात आणि उजेड सारखा राहतो. एक भागिले ६० ठेवलं तर दोनाला थोड्या कमी येतात, कधी इथून कापलेल्या, कधी तिथून. मी हे एका हळदीत भोगलंय. मंगल कार्यालयाचा हॉल, रांगेने ट्यूब, कॅमेरा घाईत ३० आणि एक भागिले ६० वर राहिलेला. छोट्या पडद्यावर काही दिसलं नाही. घरी आल्यावर बघतो तर नवरीच्या मागच्या पांढऱ्या भिंतीवरून करडे पट्टे संथपणे वर चढतायत. ते एडिटिंगमध्ये धड निघत नाहीत. तेव्हापासून नव्या हॉलमध्ये गेलो की आधी पांढऱ्या भिंतीचा दहा सेकंदांचा शॉट घेऊन मोठा करून बघतो. एलईडीचं तर काहीच सांगता येत नाही, काही मुळीच लुकलुकत नाहीत आणि काही भलत्याच वेगाने.

फिल्म थिएटरात किंवा महोत्सवात जाणार असेल तर २४ घ्या, शटर तरीही एक भागिले ५०. डिजिटल प्रोजेक्शनला २४ कुठेही चालतं. साठ, किंवा मिळत असेल तर पन्नास, फक्त संथ गतीच्या शॉटसाठी. ५० ला घेतलेलं २५ ला लावलं की बरोबर निम्म्या वेगाने चालतं. लेझीम, उधळलेला गुलाल अशा गोष्टींना ते शोभतं. फक्त शटर एक भागिले १०० करायला विसरू नका.

पॅन मारताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, मात्र २४-२५ ला हात आवरावा लागतो. १९२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात एखादा खांब या कडेपासून त्या कडेपर्यंत सात सेकंदांत गेला, तर २४ ला तो दर फ्रेमला ११-१२ पिक्सेल सरकतो आणि डोळा सांभाळून घेतो. तोच दोन सेकंदांत गेला तर ४० पिक्सेलच्या उड्या मारतो आणि खांबाचे दोन-दोन खांब दिसतात.

शेवटची एक गोष्ट मोबाइलची. २५ लावलं तरी फोन ते इमानदारीने पाळेलच असं नाही. उजेड कमी झाला की बरेच फोन गुपचूप फ्रेम कमी करतात, आणि वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज दहाव्या मिनिटाला ओठांच्या पुढे-मागे व्हायला लागतो. वेग बांधून ठेवणारं कॅमेरा ॲप घ्या आणि प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला अन् शेवटी टाळी वाजवा. भाच्याने विचारलं, शेवटी कशाला? म्हटलं, पहिली टाळी जुळली आणि शेवटची नाही जुळली, की फोनने कुठेतरी फ्रेम खाल्ल्या हे समजायचं.