पॅच की गोळी? लिव्हरचा स्पीड बघा
वागळे इस्टेटमधल्या माझ्या दोन मित्रांना सिगारेट सोडायला अंगावर चिकटवायचा सेमच २१ मिलिग्रॅमचा निकोटिन पॅच दिलेला, एकाची सिगारेट सुटली, दुसरा दुपारीच टपरीवर. त्याला लगेच कच्च्या मनाचा म्हणू नका यार! लिव्हरमधलं सीवायपी२ए६ एन्झाइम निकोटिन तोडतं आणि त्याचा स्पीड बराचसा आईवडिलांकडून येतो. फास्टवाल्याचं निकोटिन पटकन उतरतं, मग तलफ, मग अजून एक सिगारेट, आणि पॅच लावला तरी रक्तातली लेव्हल कमीच राहते. स्लोवाल्याला कमी सिगारेटी पुरतात, पॅचही बऱ्यापैकी चालतो.

२०१५ च्या एका मोठ्या ट्रायलमध्ये नॉर्मल स्पीडवाल्यांना सिगारेट सोडायची व्हॅरेनिक्लिन गोळी पॅचपेक्षा जास्त लागू पडली, स्लोवाल्यांना दोन्ही साधारण सारखेच, वर गोळीचे साइड इफेक्ट जास्त. म्हणून पॅच फेल गेला असेल तर डॉक्टरांना गोळीबद्दल नक्की विचारा.