एस्प्रेसो: थेट 9 बार की संथ सुरुवात?

पंप सुरू झाल्या झाल्या 9 बारचा पूर्ण दाब द्यावा, की आधी काही सेकंद 2-3 बारवर कॉफी भिजू द्यावी? हे ठरवण्यासाठी बहुतेक जण एक सोपा प्रयोग करतात. तीच कॉफी, तेच दळण, एक शॉट थेट आणि दुसरा प्री-इन्फ्युजन लावून, म्हणजे आधी कमी दाबावर भिजवून. दोन्ही चाखून पाहतात, फरक जेमतेम जाणवतो आणि विषय तिथेच संपतो.

माझ्या मते तुलनेची ही पद्धतच फसवी आहे. संथ सुरुवातीने कपातली चव थोडी सुधारते, पण तिची खरी कमाई वेगळी आहे. तिच्यामुळे दळण आणखी बारीक करता येतं, आणि जास्तीचा गोडवा त्या बारीक दळणातून येतो. दळण न बदलता तुलना केली तर अर्धाच फायदा दिसतो.

आधी बास्केटच्या, म्हणजे कॉफी भरायच्या जाळीदार वाटीच्या, आत काय होतं ते पाहू. कोरड्या पिठावर एकदम पाणी ओतलं की वरचा थर चिकट होतो आणि आत कोरड्या गुठळ्या राहतात. कॉफीच्या दाबलेल्या थराचंही तसंच असतं. त्याची घनता सगळीकडे सारखी नसते. कडेला किंचित सैल, कुठे गुठळी, कुठे बारीकशी भेग. पूर्ण दाबाचं पाणी आलं की ते सैल जागेतून वाट काढतं, आणि एकदा वाट पडली की ती रुंद होत जाते. यालाच चॅनेलिंग म्हणतात. त्या वाटेवरची कॉफी गरजेपेक्षा जास्त धुतली जाते आणि बाकीची अर्धवट राहते. म्हणून असा शॉट एकाच वेळी आंबटही लागतो आणि जीभ कोरडी करणारा कडूही. ही जोडी कपात सापडली की दळणाला दोष देण्याआधी चॅनेलिंगचा संशय घ्या.

कमी दाबाने पाणी आलं तर कण फुगायला वेळ मिळतो, छोट्या भेगा बऱ्याच अंशी मिटतात, आणि ताज्या भाजलेल्या कॉफीतला कार्बन डायऑक्साइडही थोडा बाहेर पडतो. मग पूर्ण दाब येतो तेव्हा थर सगळीकडे ओला असतो आणि पाण्याला सोपी वाट सहज सापडत नाही.

आता एका लाईट रोस्टवर दोन्ही पद्धती शेजारी ठेवू. 18 ग्रॅम कॉफी, कपात 36 ग्रॅम, पाणी साधारण 93 अंश. थेट 9 बारवर दळण असं लावलं आहे की शॉट 28 सेकंदांत संपतो. बास्केट धरणाऱ्या, तळ उघडा असलेल्या पोर्टाफिल्टरमधून पाहिलं तर पहिले थेंब एका बाजूने येतात, आणि ती बाजू बाकीच्यांच्या बरीच आधी फिकट पडते. चव सुरुवातीला टोकदार आंबट, शेवटी तुरट.

त्याच दळणावर 3 बारने 8 सेकंद भिजवून मग 9 बार दिला तर धार मधोमध एकत्र येते आणि तुरटपणा कमी होतो. पण पूर्ण दाबाचा भाग लवकर उरकतो, कारण भिजलेला थर पाण्याला कमी अडवतो. त्यामुळे चव स्वच्छ, पण किंचित पातळ लागते. प्रयोग करणारे बहुतेक जण इथेच थांबतात.

पुढची पायरी म्हणजे दळण एक-दोन खुणा बारीक करायचं. 8 सेकंद भिजवण आणि त्यानंतर 26-27 सेकंद, असा एकूण 35 सेकंदांच्या आसपासचा शॉट मिळेल. आंबटपणा इथे फळासारखा गोलसर होतो, मागे गोडवा राहतो. आता हेच बारीक दळण थेट 9 बारवर टाकून पाहा. एकतर मशीन अडतं आणि नुसते थेंब टपकत राहतात, नाहीतर थर कुठेतरी फुटून बाजूला बारीक फवारे उडतात. दोन पद्धतींतला खरा फरक या शेवटच्या जोडीत दिसतो. (वेळ सांगताना भिजवण धरून की सोडून, हे आधी ठरवा. एकाचे 35 आणि दुसऱ्याचे 27 सेकंद एकच शॉट असू शकतो, आणि त्यावर विनाकारण वाद होतात.)

डार्क रोस्टचा हिशेब उलटा आहे. ती कॉफी ठिसूळ आणि सहज विरघळणारी असते, तिला मुळात बारीक दळणाची गरज नसते. दहा सेकंद भिजवली तर कडवटपणा पुढे येतो आणि दाटपणा कमी होतो. तिच्यासाठी 2-4 सेकंदांची सौम्य सुरुवात पुष्कळ झाली. दूध घालून पिणाऱ्यांना तर त्याहून जास्त वेळेचा फरक कपात शोधावा लागेल. अशा वेळी केवळ प्री-इन्फ्युजनसाठी मशीन बदलू नये. तो खर्च ग्राइंडरवर करावा, कारण गुठळ्या करणाऱ्या ग्राइंडरचं दुखणं संथ सुरुवात झाकते, बरं करत नाही.

मशीन निवडताना नावापेक्षा पाणी कसं येतं ते विचारा. घरगुती मशीनमधल्या व्हायब्रेशन पंपाचा दाब हळूहळू चढतो, म्हणजे थोडी सौम्यता तुमच्याकडे आधीच आहे. रोटरी पंप झटकन 9 बारला पोचतो, तिथे सोय नसेल तर ती जाणवते. 1961 च्या फाएमा ई61 पासून चालत आलेल्या ग्रुपमध्ये, म्हणजे पोर्टाफिल्टर अडकवतात त्या भागात, एक छोटी पोकळी आधी भरते आणि दाब काही सेकंद उशिरा चढतो. ही सोय आपोआप मिळते, पण वेळ आपल्या हातात नसते. लिव्हर मशीनमध्ये, किंवा प्रवाह कमी-जास्त करणारी झडप असलेल्या मशीनमध्ये ती हातात असते. लाईट रोस्ट पिणाऱ्याने यांतलंच काहीतरी घ्यावं.

काही मशीन पंप दोन-तीन सेकंद चालवून मधे थांबवतात आणि त्यालाही प्री-इन्फ्युजन म्हणतात. इथे एक अडचण आहे. कॉफीचा थर आणि वरची जाळी यांच्यातली रिकामी जागा आधी भरावी लागते. तेवढ्यातच ते दोन सेकंद गेले तर थर वरून ओला, खालून कोरडा राहतो. म्हणून सेकंद मोजण्यापेक्षा बास्केटच्या तळाकडे पाहा. तळ जवळपास सगळीकडून ओला दिसला आणि पहिले थेंब जमू लागले की पूर्ण दाब द्यायचा.

साध्या मशीनवर बटण चालू-बंद करून हेच साधायचा मोह होतो. पण ग्रुपमध्ये तीन तोंडांचा सोलेनॉइड वाल्व्ह असेल तर बटण बंद होताच तो दाब बाहेर सोडतो, आणि वरच्या दिशेने आलेल्या ओढीने भिजलेला थर हलतो. म्हणजे ज्या भेगा मिटवायच्या होत्या त्याच नव्याने पडतात. एकाच बॉयलरच्या मशीनमध्ये त्यापेक्षा बरा उपाय असा: वाफेची नळी भांड्यात धरून तिची झडप उघडी ठेवा, मग पंप सुरू करा. बरंचसं पाणी नळीतून निघून जातं आणि कॉफीवर दाब कमी पडतो. तळ ओला दिसला की झडप हळूहळू बंद करायची. नळीतून येणारं पाणी उकळत्याच्या जवळपास असतं, तेव्हा भांडं खोल घ्या.