स्पर्शिका की जीवा: निवण्याचा क्षणिक दर कसा काढावा?

दादरला बारावीत शिकणारी भाची प्रॅक्टिकलच्या वहीत अडली होती. गरम पाणी नेमक्या ५व्या मिनिटाला किती वेगाने निवत होतं, हे वक्राला स्पर्शिका काढून शोधायचं की शेजारच्या दोन नोंदी जोडणाऱ्या जीवेवरून?

मेहनत जीवेला कमी. ४ मिनिटांना ६४ अंश, ६ मिनिटांना ५७, म्हणजे मिनिटाला ३.५ अंश घट. पण थर्मामीटर एकेक अंशाचा. दोन्ही नोंदी अर्धा अंश चुकल्या, तर उत्तर ३ ते ४ मध्ये कुठेही सरकतं. बिंदू लांबचे घेतले की ही चूक विरळ होते, पण मग वक्राचा बाक आड येतो.

स्पर्शिकेत आधी सगळ्या बिंदूंमधून सलग वक्र काढायचा, त्यामुळे एखाद्या नोंदीची चूक सगळ्यांत वाटली जाते. तिचा आलेख पाहून मी ५ मिनिटांवर रेषा काढली आणि ती मुद्दाम लांब ठेवली: ० मिनिटांवर ७५, १० वर ४५. उतार मिनिटाला ३ अंश. उतार काढताना हे रेषेवरचेच बिंदू घ्यायचे, नोंदींचे नाहीत. इथेच बहुतेकांचे मार्क जातात.

धोका हाताचा. पट्टी जरा तिरकी झाली की उत्तर बदलतं. त्यावर सपाट आरसा वक्रावर उभा धरावा आणि प्रतिबिंबात वक्र न मोडता पुढे जाईपर्यंत फिरवावा. आरशाची कड म्हणजे अभिलंब, त्याला काटकोनात स्पर्शिका.

नोंदी दाट आणि अचूक असतील, सेन्सरच्या असतील, तर जीवा पुरते. हाताने घेतलेल्या मोजक्या नोंदींना, आणि सुरुवातीच्या दराला, जिथे डावीकडे बिंदूच नसतो, स्पर्शिकाच घ्यावी.