पेटीच्या व्हिडिओवरून नोटेशन: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

क्लासमध्ये गुरुजींनी वाजवलेलं फोनवर टिपायचं आणि घरी बसून त्याचं नोटेशन उतरवायचं, ही पद्धत गेले काही महिने नियमित वापरात आहे. साहित्य मोजकंच: लॅपटॉपवर व्हीएलसी, फोनवर ट्यूनर, वायरचा हेडफोन आणि चौकटींची वही. निकाल आधीच सांगतो. पलटे, छोटा ख्याल, भजन, नाट्यगीताची चाल यांना पद्धत भरवशाची आहे. गायकाच्या मागे जाणारी विलंबित साथ मात्र तिच्याने उतरत नाही, तिथे वेळ घालवू नका.

गुपित एवढंच की डोळ्याला आणि कानाला वेगवेगळी कामं द्यायची. कोणता स्वर आणि किती लांब, हे कान ठरवतो. कोणतं सप्तक आणि कोणतं बोट, हे डोळा. सप्तक डोळ्याकडे का? बहुतेक पेट्यांत खर्ज आणि नर अशा दोन ओळी एकदम वाजतात, त्यामुळे एकाच पट्टीतून दोन सप्तकं ऐकू येतात आणि ट्यूनर कधी C3 दाखवतो, कधी C4. बोट कुठे आहे ते बघितलं की प्रश्न मिटतो. कपलर असेल तर एक सप्तक सोडून दुसरी पट्टीही आपोआप दबलेली दिसते. जिच्यावर बोट आहे तीच लिहायची.

दबलेली पांढरी पट्टी ओळखायची खूण म्हणजे शेजारच्या पट्टीची उघडी पडलेली बाजू. वरचा भाग पांढरा असतो, पण बाजूला लाकूड दिसतं. पट्टी खाली गेली की शेजारी लाकडाची बारीक रेघ उमटते. नुसतं टेकवलेलं बोट आणि दाबलेलं बोट यांतला फरक या रेघेवरून कळतो. कॅमेरा डोक्यावरून सरळ खाली असेल तर रेघ दिसत नाही, म्हणून फोन वाजवणाऱ्याच्या उजव्या खांद्यामागून, थोडा तिरका धरावा. काळ्या पट्ट्यांना हा फायदा नाही. तिथे कानावरच भिस्त.

आता एक ओळ उतरवून बघू. यमन, तीनताल, मध्य लय. पहिल्या चार स्वरांना बोटं दिसतात पांढरी ७, पांढरी २, पांढरी ३ आणि काळी ३ वर, म्हणजे पांढरी एकचा सा धरून वाजवताहेत असं वाटतं. ट्यूनर मात्र वेगळं बोलतो:

```
बोट   : पां७  पां२  पां३  का३
ट्यूनर : C     D#    F     G
फरक   : १     १     १     १
```

फरक अर्ध्या स्वरांत, म्हणजे एका पट्टीवरून लगतच्या पट्टीपर्यंत (काळी धरून) एक असा मोजलाय. तो प्रत्येक स्वराला सारखाच एक येतोय, म्हणजे स्केल चेंजर एक घर सरकवलेला आहे. सरगम बदलत नाही, कारण ती सा-पासूनचं अंतर सांगते. वहीत वर फक्त ‘बोटं पांढरी १, आवाज काळी १’ अशी टीप टाकायची आणि ओळ लिहायची:

```
×              २            ०            ३
नि़ रे ग म॑  | प – म॑ ग  | रे – ग रे  | सा – – –
```

फरक दर स्वराला बदलायला लागला तर हात थांबवा. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला व्हिडिओ बऱ्याचदा आरशासारखा उलटा जतन होतो. पंचाईत अशी की पेटीच्या पट्ट्यांची रचना उलटी केली तरी सुलटीसारखीच दिसते, दोन काळ्या आणि तीन काळ्या जिथल्या तिथे. वरचीच ओळ उलट्या व्हिडिओत पांढरी ४, पांढरी २, पांढरी १, काळी ५ अशी दिसेल आणि फरक ७, १, ५, ९ असे येतील. असे विस्कटलेले आकडे दिसले की कान तपासण्याआधी व्हिडिओ तपासावा. खांद्यामागून काढलेल्या व्हिडिओत स्वर चढताना हात डावीकडे जात असेल तर खात्रीच. व्हीएलसीत `Tools > Effects and Filters > Video Effects > Geometry` मध्ये `Transform` वर खूण करून `Flip horizontally` निवडलं की काम होतं. समोर बसून काढलेल्या व्हिडिओलाही हात डावीकडे जातो, पण तो आरसा नव्हे. तिथे `Rotate by 180 degrees` लागतं. दोन्हींत गल्लत केली तर पट्ट्यांचा क्रम सुधारतो, पण चित्र वरचं खाली दिसतं.

ट्यूनरबद्दल दोन गोष्टी. व्हिडिओ सावकाश करून ट्यूनर लावू नका, ताणलेल्या आवाजावर काटा नाचतो. ट्यूनर मूळ वेगाला, डोळे अर्ध्या वेगाला. दुसरं, मागे तानपुरा चालू असेल तर काटा सा आणि प कडेच ओढला जातो, त्यामुळे लांब धरलेल्या स्वरांवरच विश्वास ठेवावा. सगळेच स्वर सारखे आठ-दहा सेंट वर दिसले तर पेटीच थोडी चढी मिळवलेली आहे. एकटा गंधार चौदा-पंधरा सेंट खाली दिसला तर तो नैसर्गिक गंधार आहे. त्याला कोमल समजू नये, कोमल व्हायला शंभर सेंट उतरावं लागतं.

लय उतरवताना ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवा. त्यात आवाज उशिरा पोचू शकतो आणि बोट आधी, स्वर मागून असं दिसतं. मग मात्रा चुकीच्या घरात पडते. मिनिटाला ८० मात्रांची लय आणि सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ धरला तर एका मात्रेत साधारण २२ फ्रेम मिळतात, चौगुणीत एका स्वराला पाच-सहा. `E` दाबून एकेक फ्रेम पुढे नेत तेवढं आरामात वाचता येतं. आठगुणीत तीनच फ्रेम उरतात आणि बोटं धूसर होतात, तिथे कानाला जेवढं ऐकू येईल तेवढंच लिहावं. व्हीएलसीत फ्रेम मागे नेता येत नाही, हा खरा वैताग आहे.

कणस्वर मात्र याच फ्रेममध्ये सापडतात. ‘प’च्या आधी एखाददुसऱ्या फ्रेमपुरती दुसरी पट्टी दबली असेल तर ती मात्रा धरायची नाही, ‘प’च्या डोक्यावर लहान अक्षरात लिहायची. दोन पट्ट्या काही फ्रेम एकत्र दबलेल्या दिसल्या तर ती स्वर जोडून वाजवण्याची लकब आहे. तिथे मींडेची कमान काढणारे असतात, मला ते पटत नाही. पेटीवर मींड निघत नाही, नोटेशनमध्ये ती कुठून आणायची?

मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये काढलेल्या व्हिडिओंना वेगळी सावधगिरी हवी. दमट हवेने लाकूड फुगतं, पट्टी अडकते आणि बोट उचलल्यावरही स्वर चालूच राहतो. कान त्याला दोन मात्रांचा स्वर म्हणेल. अशा वेळी मात्रेची लांबी डोळ्याने ठरवावी, बोट कधी उठलं त्यावरून. तोच स्वर प्रत्येक आवर्तनात लांबतोय का ते बघितलं की दोष पेटीचा की वाजवणाऱ्याची खुबी, हे कळतं.

टाइप करताना तीव्र ‘म’साठी `U+0951`, कोमलाच्या आडव्या रेघेसाठी `U+0952`, मंद्राला नुक्ता आणि तारसप्तकाला अनुस्वार वापरतो. काही फोनवर कोमलाची रेघ दिसतच नाही आणि पाहणारा शुद्ध स्वर वाजवतो. त्यामुळे क्लासच्या ग्रुपवर मजकूर पाठवण्याऐवजी वहीच्या पानाचा फोटो पाठवलेला बरा.