बिलेबल तास भागिले काय? युटिलायझेशन मोजायच्या दोन पद्धती

कन्सल्टिंग टीमचा महिन्याचा टाइमशीट गोषवारा करायला बसलं की वरच्या आकड्याबद्दल वाद होत नाही. बिलेबल तास किती, हे क्लायंटशी झालेल्या करारावरून ठरतं. वाद होतो तो भागाकारातल्या खालच्या आकड्यावर. काही टीम बिलेबल तासांना टाइमशीटमध्ये भरलेल्या एकूण तासांनी भागतात, काही जण उपलब्ध तासांनी, म्हणजे सुट्ट्या वजा करून माणसांकडे जेवढे कामाचे तास होते त्यांनी. दोन्हींना सर्रास ‘युटिलायझेशन’ म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

चार जणांची टीम घेऊ. महिन्यात कामाचे २० दिवस, दिवसाला ८ तास, म्हणजे एकूण ६४० तास. एक जण पाच दिवस रजेवर होता, त्याचे ४० तास वजा केले की उपलब्ध राहिले ६००. टाइमशीटमध्ये प्रत्यक्षात भरलेले तास मात्र ५२०. त्यांची फोड अशी:

| प्रोजेक्ट | बिलेबल | नॉन-बिलेबल | भरलेल्या तासांवर | उपलब्ध तासांवर |
|---|---|---|---|---|
| ऑडिट | १८० | २० | ९०% | ३०% |
| मायग्रेशन | १५० | ७० | ६८% | २५% |
| अंतर्गत काम | ० | १०० | ०% | ०% |
| एकूण | ३३० | १९० | ६३% | ५५% |

माणसं तीच, महिना तोच, तरी एका पद्धतीने ६३ टक्के आणि दुसरीने ५५. हा आठ टक्क्यांचा फरक कुठून आला? कुठेही न भरलेल्या ८० तासांमधून.

भरलेल्या तासांच्या पद्धतीची सोय उघड आहे. लागणारा सगळा डेटा टाइमशीटमध्येच असतो, रजेचं रजिस्टर वेगळं बघावं लागत नाही. पण ती न भरलेले तास नुसतेच गाळत नाही, ते न भरणाऱ्याला बक्षीस देते. समजा, या ८० पैकी ४० तास एका सहकाऱ्याकडे खरंच काम नव्हतं. त्याने प्रामाणिकपणे ते ‘बेंच’ म्हणून भरले तर भरलेले तास ५६० होतात आणि टीमचा आकडा ६३ वरून ५९ वर येतो. रकाना कोरा ठेवला तर ६३ च राहतो. दोन-तीन महिन्यांत सगळ्यांच्या हे लक्षात येतं आणि मग रिकामा वेळ कुणीच भरत नाही. उपलब्ध तासांच्या पद्धतीत याने काहीच बिघडत नाही. ते ४० तास बेंच म्हणून भरा किंवा कोरे सोडा, आकडा ५५ च राहतो.

आता उलटी शक्यता बघा. ते ४० तास रिकामे नव्हतेच. सहकारी मायग्रेशनवर होता, फक्त शेवटच्या आठवड्याची टाइमशीट भरायची राहिली. त्यातले ३० बिलेबल आणि १० नॉन-बिलेबल निघाले, तर उपलब्ध तासांवरचा आकडा ५५ वरून थेट ६० वर जातो. भरलेल्या तासांवरचा ६३ चा जेमतेम ६४ होतो. बिलात न गेलेले ३० तास ज्या आकड्यात जाणवतसुद्धा नाहीत, तो आकडा महिनाअखेरीच्या बैठकीत काय कामाचा?

न भरलेले तास कोणत्या जातीचे आहेत, हे बहुतेक वेळा त्यांच्या पसरणीवरून ओळखता येतं. एकाच माणसाचा अख्खा आठवडा कोरा असेल तर टाइमशीट भरायची राहिली आहे, त्याला विचारायचं. सगळ्यांचे रोज तास-दीड तास कमी पडत असतील तर मंडळी आठवड्याच्या शेवटी आठवून आठवून भरताहेत, आणि छोटे फोन, ईमेल, मधल्या बैठका त्यात गळताहेत. ही दुसरी गळती महाग पडते, कारण त्या छोट्या कामांतलं बरंचसं क्लायंटचंच असतं.

मग भरलेल्या तासांची पद्धत टाकूनच द्यायची का? प्रोजेक्टच्या ओळीवर आलं की पारडं फिरतं. मायग्रेशनच्या २५ टक्क्यांवरून तुम्हाला काय कळलं? टीमच्या उपलब्ध वेळेचा पाव हिस्सा तिथे बिलेबल गेला, एवढंच. प्रोजेक्ट लहान असेल तर आकडा लहानच येणार. त्यात चांगलं-वाईट काही नाही. या टक्केवारीचा गुण वेगळा आहे: ३० आणि २५ मिळून बरोबर ५५ होतात, म्हणजे टीमचा आकडा कुठून आला ते दिसतं. ९० आणि ६८ ची अशी बेरीज होत नाही. त्यांची सरळ सरासरी काढू नका. लोक काढतात, आणि मग २० तासांचा प्रोजेक्ट २०० तासांच्या प्रोजेक्टइतकंच वजन खातो.

पण प्रोजेक्टच्या आत काय चाललंय हे ९० आणि ६८ मधूनच दिसतं. मायग्रेशनवर घातलेल्या जवळपास दर तिसऱ्या तासाचं बिल होत नाही. ते ७० तास उघडून बघितले आणि त्यात ३० तास रिवर्क, १२ तास नव्या माणसाला काम समजावण्यात आणि २८ तास क्लायंटबरोबरच्या बैठकांचे निघाले असं धरा. करारात बैठका बिलेबल असतील, तर ते २८ तास चुकून चुकीच्या प्रकारात पडले आहेत. प्रकार बदलला की मायग्रेशन ८१ टक्क्यांवर येतं. बाकीचे ४२ तास मात्र खरा खर्च आहेत आणि पुढच्या वेळी अंदाजपत्रकात धरायला हवेत.

शीटमध्ये दोन्ही काढायला वेगळा खटाटोप नाही. `B` मध्ये प्रोजेक्ट, `C` मध्ये प्रकार, `D` मध्ये तास आणि `H2` मध्ये उपलब्ध तास असतील तर:

```
=SUMIFS(D:D,B:B,"Migration",C:C,"Billable")/SUMIFS(D:D,B:B,"Migration")
=SUMIFS(D:D,B:B,"Migration",C:C,"Billable")/$H$2
```

मेहनत आहे ती `H2` ची. महिन्याच्या मध्यावर रुजू झालेला, अर्धवेळ काम करणारा, दुसऱ्या टीमला उसना दिलेला, या प्रत्येकाचे उपलब्ध तास हाताने नीट लावावे लागतात. ते लावणारं कुणी नसेल तर ही पद्धत घेऊ नका. चुकीच्या `H2` वरचं युटिलायझेशन दिसायला अचूक असतं, म्हणून जास्त फसवतं.

रजा वजा करायची की नाही, यावरही खल होतो. महिन्याच्या तुलनेसाठी वजा करा, नाहीतर सुट्ट्यांच्या महिन्यात कुणाचाही दोष नसताना आकडा पडतो. वर्षाचे दर ठरवताना मात्र पूर्ण ६४० च्या हिशेबाने बघा, कारण पगारी रजेचा पगार कंपनी देतेच आणि तो वसूल व्हायचा तर बिलेबल तासांतूनच.

माझा कौल असा: टीमच्या ओळीवर फक्त उपलब्ध तासांवरचा आकडा ठेवा आणि ‘युटिलायझेशन’ हे नाव त्यालाच द्या. प्रोजेक्टच्या ओळीवर दोन्ही रकाने ठेवा, पण भरलेल्या तासांवरच्या रकान्याला ‘बिलेबल हिस्सा’ म्हणा. शेजारी ‘न भरलेले तास’ हा साधा रकाना टाका, टक्केवारी नको. आणि ठरावीक रकमेच्या कराराचे प्रोजेक्ट वेगळ्या गटात दाखवा. तिथे ठरलेल्यापेक्षा ५० तास जास्त लागले तर ते तास दोन्ही पद्धतींत बिलेबल म्हणून आकडा वाढवतात आणि बिलात मात्र एक रुपया वाढत नाही.